ओपन डे झाला, आता ईमेल

मुंबईत आखाती विमान कंपन्यांच्या केबिन क्रू भरतीचे ओपन डे होतात. त्यानंतरच्या ईमेलमध्ये बहुतेक उमेदवार ‘मी हसतमुख, मेहनती’ असं लिहितात. ते कोणीही लिहितं. त्यापेक्षा एकच प्रसंग नीट सांगावा: हॉटेलात रिसेप्शनवर असताना रात्री दोनला आलेल्या पाहुण्याची खोली दुसऱ्यालाच दिलेली निघाली. तो आवाज चढवू लागला. आधी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं, पाणी दिलं, मग शेजारच्या हॉटेलात खोली आणि तिथवर गाडी ठरवली. संयम यातूनच दिसतो.

भाषांचंही तेच. ‘हिंदी अस्खलित, अरबी नमस्कारापुरती’ असं खरं लिहावं. मुलाखतीत त्याच भाषेत प्रश्न येऊ शकतो. विषयाच्या ओळीत नाव, शहर आणि ओपन डेची तारीख टाकायला विसरू नका.