रात्रभर लावली, तरी गाडी भरली का नाही?

गाडीची बॅटरी ४० युनिटची. संध्याकाळी घरी येताना त्यातली २० टक्के शिल्लक, म्हणजे भरायची आहे ३२ युनिट. भिंतीवर गीझरसाठी असतो तसा १५ अँपिअरचा पॉइंट आहे. विक्रेत्याने ३.३ किलोवॅट हा आकडा सांगितलेला असतो, म्हणून माणूस ३२ भागिले ३.३ करतो आणि दहा तासांत काम होईल असे धरून झोपतो. सकाळी गाडी ७५ टक्क्यांच्या आसपासच असते.

पहिली गफलत अँपिअरची. सॉकेट तासन्‌तास पूर्ण क्षमतेने तापू नये म्हणून अनेक पोर्टेबल चार्जर १२ अँपिअरच्या आसपासच ओढतात. २३० व्होल्टला १२ अँपिअर म्हणजे साधारण २.७५ किलोवॅट.

आता घट. केबलवरच्या डब्याला आपण चार्जर म्हणतो खरे, पण तो फक्त सुरक्षेचा पहारेकरी. घरातल्या एसी विजेची डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो आणि तो पाच-सहा टक्के वीज उष्णतेत घालवतो. शिवाय चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीचे कंट्रोलर, पंप जागे राहतात. त्यांचा खर्च पाव किलोवॅट धरू. बॅटरीत प्रत्यक्ष पडतात २.३५ किलोवॅट. ३२ युनिटला लागले साडेतेरा तास, आणि मीटर फिरला साडेसदतीस युनिट. चार्जिंगच्या आधी आणि नंतर मीटरचे आकडे टिपले, तर आपल्या गाडीची घट घरबसल्या कळते. मात्र फ्रिज, पंखे यांचे युनिट त्यातून वजा करायला विसरू नका.

यातला पाव किलोवॅटचा खर्च गमतीचा आहे, कारण वेग कमी केला तरी तो घटत नाही. वायरिंग जुने म्हणून कोणी चार्जर ६ अँपिअरवर ठेवला, तर दुप्पट वेळ लागेल असे वाटते. प्रत्यक्षात बॅटरीत जेमतेम एक किलोवॅट पोचतो, तीस तास लागतात आणि मीटरवर चार युनिट जास्त चढतात. तरीही वायरिंगची खात्री नसेल तर मी ६ अँपिअरच निवडेन.

व्होल्टेज पडले तरी असेच होते. चार्जर अँपिअर वाढवून भरपाई करत नाही. २०० व्होल्टवर तेच ३२ युनिट भरायला जवळपास सोळा तास जातात.

व्होल्टेज सगळ्या घरात पडले असेल तर दोष बाहेरच्या पुरवठ्याचा असू शकतो. पण गाडी लावल्यावर फक्त त्याच पॉइंटवर पडत असेल, तर वायर बारीक आहे किंवा जोड ढिला आहे, आणि हरवलेली वीज तिथेच उष्णता होऊन बाहेर पडते आहे. तासाभराने चार्जिंग थांबवा, प्लग काढा आणि त्याच्या पाठीला हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, प्लास्टिक पिवळे पडले असेल किंवा जळका वास येत असेल, तर वायरमनने सॉकेट बदलून मीटरपासून वेगळी जाड वायर ओढेपर्यंत तिथे गाडी लावू नका.