प्रथम क्रमांक विभागून, पण पैसे कसे वाटायचे?

गणेशोत्सवातली प्रश्नमंजूषा संपत आलेली असते. शेवटची बझर फेरी होते, गुण फळ्यावर मांडले जातात आणि दोन संघ ४६ गुणांवर अडकतात. तिसऱ्या संघाचे ४३ गुण, चौथ्याचे ४०. बक्षिसे आधीच जाहीर झालेली असतात : पहिले ५,००० रुपये, दुसरे ३,००० आणि तिसरे २,०००. एकूण दहा हजार. संयोजक माइकवर सांगतात, 'प्रथम क्रमांक विभागून!' टाळ्या पडतात. खरा प्रश्न पाकिटे भरताना उभा राहतो.

सहसा दोन चुका होतात. पहिली उदारपणाची. दोन्ही संघांना पाच-पाच हजार दिले जातात, ४३ गुणांच्या संघाला दुसरे आणि ४० गुणांच्या संघाला तिसरे बक्षीस मिळते. बेरीज पंधरा हजारांवर जाते आणि वरचे पाच हजार कोणाच्या खिशातून यायचे, यावर कार्यकर्त्यांत वाद होतो. दुसरी चूक काटकसरीची. पहिल्या बक्षिसाचेच दोन भाग करून प्रत्येकी २,५०० दिले जातात आणि पुढच्या संघाला दुसरे, म्हणजे ३,००० रुपयांचे बक्षीस मिळते. आता ४३ गुणवाल्यांना ४६ गुणवाल्यांपेक्षा पाचशे रुपये जास्त! शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देऊन बरोबरी साधलेल्या संघाला त्या उत्तराचाच तोटा व्हावा, हा उघड अन्याय आहे.

दोन्ही चुकांचे मूळ एकच. दोन संघ पहिले आले, तर त्यांनी दोन जागा अडवल्या, पहिली आणि दुसरी. म्हणून त्या दोन्ही जागांची बक्षिसे एकत्र करायची आणि समान वाटायची. ५,००० अधिक ३,००० म्हणजे ८,०००, प्रत्येकी ४,०००. दुसरा क्रमांक कोणालाच नाही. ४३ गुणांचा संघ तिसरा, त्याला २,०००. बेरीज पुन्हा बरोबर दहा हजार. व्यावसायिक गोल्फ स्पर्धांत विजेतेपदाची कोंडी जादा खेळून फोडतात, पण खालच्या क्रमांकांवर बरोबरी झाली की बक्षिसाची रक्कम याच रीतीने वाटतात.

ही रीत न्याय्य का, हे नाणेफेकीचा विचार केला की कळते. समजा बरोबरी नाणे उडवून सोडवली. एका संघाला ५,००० मिळतील, दुसऱ्याला ३,०००. दोघांना संधी सारखीच, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याची सरासरी ४,०००. विभागणीत तेवढेच मिळते, फक्त नशिबाचा भाग निघून जातो. शिवाय वरच्या संघांचा निकाल कसाही लागो, तिसऱ्या संघाचे २,००० तेवढेच राहतात.

बरोबरी बक्षिसांच्या शेवटाशी झाली, तर हिशेब जरा चकवतो. एक संघ ४६ गुणांनी पहिला आणि तीन संघ ४१ वर आहेत, असे धरू. त्या तिघांनी दुसरी, तिसरी आणि चौथी जागा अडवली. चौथ्या जागेला बक्षीस नाही, म्हणजे तिची किंमत शून्य. ३,००० अधिक २,००० अधिक ० म्हणजे ५,०००. भागिले तीन, प्रत्येकी १,६६६ रुपये आणि वर दोन रुपये शिल्लक. पूर्ण रुपयात खाली उतरवायचे आणि शिल्लक मंडळाकडे ठेवायची, हे आधी सांगितले की कुरबुर होत नाही. त्यानंतरचा संघ पाचवा. कुठलीही बरोबरी असो, पाकिटांची बेरीज जाहीर रकमेशी जुळते का, आणि जास्त गुणांच्या संघाला कमी गुणांच्या संघापेक्षा कमी पैसे जात नाहीत ना, एवढे दोनदा तपासावे.

चषकाचे मात्र दोन भाग होत नाहीत. त्यासाठी टायब्रेकर लागतो. अंदाजाचा प्रश्न उत्तम : कळसूबाई शिखराची उंची किती मीटर? दोन्ही संघांनी एकाच वेळी चिठ्ठीवर आकडा लिहायचा, १६४६ च्या जो जवळ तो चषक नेईल. पण एका अंदाजावर पैशांत दोन हजारांचा फरक पडावा का? बुद्धिबळात यावर हॉर्ट पद्धत नावाचा मधला मार्ग आहे. बक्षिसाचा अर्धा भाग टायब्रेकरच्या क्रमाने, अर्धा समान वाटून. आपल्या उदाहरणात टायब्रेकर जिंकणाऱ्याला २,५०० अधिक २,००० म्हणजे ४,५००, आणि दुसऱ्याला १,५०० अधिक २,००० म्हणजे ३,५००. बेरीज आठ हजारच.

यांपैकी कोणतीही रीत निवडा, पण ती प्रवेशपत्रिकेवर छापा आणि पहिल्या प्रश्नाआधी वाचून दाखवा. गुण फळ्यावर आल्यानंतर केलेला नियम कितीही योग्य असला, तरी कोणाच्या तरी बाजूचाच वाटतो.