एका बाजूची काळजी मिटते, ती जाते कुठे?

निफ्टी 25,000 वर आहे आणि एक्स्पायरीला आठवडा बाकी आहे, असे धरू. एखाद्या ट्रेडरला वाटते की बाजार थोडा खाली घसरेल, पण कोसळणार नाही. अंदाज साफ चुकून बाजार वरच गेला, तरी खिशाला चाट बसू नये, अशीही त्याची इच्छा आहे. अशा वेळी ऑप्शनच्या बाजारातले अनुभवी लोक ‘ब्रोकन विंग बटरफ्लाय’ लावतात. वरच्या बाजूचा धोका पूर्ण जातो आणि सौदा करतानाच थोडे पैसे हातात पडतात. ऐकायला हे फुकटचे वाटते. ते फुकट का नाही, हे साध्या बेरीज-वजाबाकीतून कळते आणि ती करून पाहिल्याशिवाय कोणी या सौद्याला हात लावू नये.

पुट म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क. त्या ठरलेल्या भावाला स्ट्राइक म्हणतात. निफ्टी स्ट्राइकच्या जितका खाली बंद होईल, तितके पॉइंट एक्स्पायरीला पुट घेणाऱ्याला मिळतात. वर बंद झाला तर पुटची किंमत शून्य होते. उदाहरणापुरते भाव असे धरू: 24,700 चा पुट 62 रुपये, 24,600 चा 45, 24,500 चा 31 आणि 24,400 चा 22.

आधी साधा बटरफ्लाय पाहू. त्यात 24,700 चा एक पुट घ्यायचा, 24,600 चे दोन विकायचे आणि 24,500 चा एक घ्यायचा. घेण्यासाठी 93 रुपये जातात, विकून 90 येतात, म्हणजे सौदा 3 रुपयांना पडतो. दोन्ही पंख शंभर-शंभर पॉइंटांचे असतात. निफ्टी बरोबर 24,600 वर बंद झाला तर 97 पॉइंट मिळतात, दोन्ही टोकांपलीकडे गेला तर 3 पॉइंट जातात. धोका नगण्य आहे, पण निशाणाही अगदी अरुंद आहे.

आता फक्त शेवटचा पुट बदलू. 24,500 ऐवजी 24,400 चा घेतला की 31 च्या जागी 22 रुपये लागतात. 3 रुपये देणे होते, तिथे 6 रुपये जमा होतात. निफ्टी 24,700 च्या वर कुठेही बंद झाला तर चारही पुट शून्य होतात आणि हे 6 पॉइंट ट्रेडरकडेच राहतात, मग निफ्टी 25,500 वर गेला तरी. 65 च्या लॉटला ही रक्कम 390 रुपये होते. निफ्टी 24,600 वर थांबला तर 106 पॉइंट, म्हणजे 6,890 रुपये मिळतात.

मग किंमत कोण चुकवते? खालची बाजू. खालचा पंख आता दोनशे पॉइंटांचा झाला आहे, वरचा मात्र शंभरचाच आहे. मधल्या शंभर पॉइंटांना आधार उरलेला नाही. त्यामुळे 24,494 च्या खाली तोटा सुरू होतो आणि 24,400 च्या खाली तो 94 पॉइंटांवर, म्हणजे 6,110 रुपयांवर थांबतो.

खरे पाहता हा सौदा दोन सौद्यांची बेरीज आहे. एक म्हणजे 3 रुपयांचा साधा बटरफ्लाय. दुसरा म्हणजे 24,500 चा पुट विकून 24,400 चा घेणे. या दुसऱ्यातून 9 रुपये मिळतात आणि त्यात 91 रुपये जाऊ शकतात. वरच्या बाजूची सगळी सुटका या 9 रुपयांतून विकत घेतलेली आहे. धोका नाहीसा झालेला नाही, तो एका बाजूचा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला आहे. म्हणून जमेचे 6 रुपये पाहून सौदा लावणे चूक आहे. पाहायचे ते 94.

त्या 390 रुपयांतूनही बरेच झिरपते. दर ऑर्डरला 20 रुपये दलाली धरली, तर तीन ऑर्डरींवर जीएसटी, एसटीटी वगैरे मिळून ऐंशी-एक रुपये जातात. मुदतीआधी बाहेर पडायचे तर जवळपास तेवढेच पुन्हा जातात. शिवाय स्क्रीनवरचा भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांत चारही पुटांवर अर्धा-अर्धा पॉइंट सुटला, तर सहापैकी दोन पॉइंट तिथेच संपतात.

नवख्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकते ती वेळ. निफ्टी तीनच दिवसांत 24,600 वर आला, म्हणजे अंदाज तंतोतंत खरा ठरला, तरी स्क्रीनवर तोटाच दिसू शकतो. चार दिवस बाकी असताना, घसरणीमुळे प्रीमियम फुगलेले असताना भाव साधारण असे असू शकतात: 24,700 चा 199, 24,600 चा 143, 24,400 चा 66. तेव्हा सौदा मोडायला 21 रुपये लागतात. जमा झालेले 6 वजा केले की 15 पॉइंटांचा तोटा उरतो. विकलेल्या दोन पुटांतली वेळेची किंमत अजून गळून पडलेली नसते. 106 चा तो सुळका शेवटच्या एक-दोन दिवसांतच उभा राहतो. हे माहीत नसलेला ट्रेडर घाबरून बाहेर पडतो.

जून 2024 चा पहिला आठवडा या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. 3 जूनला निफ्टी 23,263.90 वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी लोकसभेचे निकाल लागले आणि तो 21,884.50 वर आला, एका दिवसात जवळजवळ 6 टक्के खाली. सोमवारी कोणी 22,950, 22,850 आणि 22,650 असा ब्रोकन विंग लावला असता, तर जमेचा आकडा बाजूला ठेवून, मंगळवारी तो जवळपास पूर्ण 100 पॉइंट तोट्यात दिसला असता. बुधवारी निफ्टी 22,620.35 वर बंद झाला. त्या दिवशी एक्स्पायरी असती तर पूर्ण तोटा पक्का झाला असता. पण तेव्हा साप्ताहिक एक्स्पायरी गुरुवारी होती आणि गुरुवारी, 6 जूनला, निफ्टी 22,821.40 वर थांबला. हिशेब केला तर तिथे 71 पॉइंटांचा फायदा निघतो.

ही गोष्ट सौद्याची थोरवी सांगत नाही, कारण तो एक दिवस निव्वळ नशिबाचा होता. कामाचे एवढेच की, नुसते दोन पुट विकून बसलेल्या माणसाचे मंगळवारच्या बंद भावाला दर पुटामागे साडेनऊशेहून जास्त पॉइंट गेलेले दिसले असते, मार्जिन वाढवून मागितले गेले असते आणि गुरुवार पाहायला तो सौद्यात उरलाच असता असे नाही. खालचा दूरचा पुट घेतलेल्याचा तोटा मात्र शंभरावर अडला असता.

पडझडीचीच भीती असेल तर हाच सौदा कॉलमध्ये उलटा लावता येतो: 25,300 चा एक घ्यायचा, 25,400 चे दोन विकायचे, 25,600 चा एक घ्यायचा. जमा मिळाली तर खालची बाजू मोकळी होते आणि धोका वर जातो. कुठली बाजू उघडी टाकायची, हा निर्णय ट्रेडरचा स्वतःचा असतो. निफ्टी चढतो तो सहसा हळूहळू आणि पडतो तेव्हा एकदम, हे लक्षात ठेवून तो घ्यावा लागतो.

सौदा लावताना आधी दोन्ही पुट विकत घ्यायचे, मगच विकायचे. क्रम उलटा झाला आणि एखादी ऑर्डर अडकली, तर काही मिनिटे का होईना दोन उघडे पुट गळ्यात पडतात आणि मार्जिनही कितीतरी जास्त लागते. बाहेर पडताना आधी विकलेले दोन परत घ्यायचे आणि त्यानंतर आपल्याजवळचे विकायचे.