फ्रेंच पत्राची सांगता आणि इंग्रजीतला अदब

लिऑनमधल्या एखाद्या कापड व्यापाऱ्याने इंग्लंडमधल्या कंपनीच्या संचालिकेला थकलेल्या बिलाची आठवण करून दिली आहे, असं समजू. पत्राचं शेवटचं वाक्य असं असतं: ‘झ व्हू प्री दाग्रेए, मादाम ला दिरेक्त्रीस, लेक्स्प्रेस्यों द मे साँतिमाँ दिस्तँगे.’ म्हणजे, ‘संचालिका महोदया, माझ्या आदरभावनेचा स्वीकार करावा, अशी आपणांस विनंती करतो.’ हे जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं, तर बिलाच्या पत्रात भावना कशाला, असा प्रश्न तिथल्या वाचकाला पडतो.

फ्रेंच वाचकाला मात्र यात काहीच वावगं वाटत नाही. त्याचं लक्ष बारकाव्यांकडे असतं. पत्राच्या सुरुवातीला जे संबोधन, तेच शेवटी आलं पाहिजे. वर ‘मादाम ला दिरेक्त्रीस’ आणि खाली नुसतं ‘मादाम’ हे खटकतं. क्रियापदातही पायऱ्या आहेत. ‘झ व्हू प्री दाग्रेए’ ही नम्र विनंती, ‘व्यये आग्रेए’ जरा कमी नम्र, आणि ‘रसव्हे’, म्हणजे ‘स्वीकारा’, हे वरच्या माणसाने खालच्याला म्हणावं तसं. पैसे थकत गेले आणि पुढच्या पत्रात ‘रसव्हे’ आलं, तर व्यापाऱ्याचा संयम सुटत चालला आहे, हे मजकूर न वाचताही कळू शकतं.

ब्रिटिश इंग्रजीत ही सोय सांगतेत नाही. ‘डिअर सर ऑर मॅडम’ने सुरुवात केली तर ‘युअर्स फेथफुली’, नाव घेतलं तर ‘युअर्स सिन्सिअरली’, एवढाच निर्णय असतो. म्हणून चांगला अनुवादक तो अदब उचलून पत्राच्या पोटात ठेवतो. आपल्या पत्रात ‘बिल भरा’ऐवजी ‘वी वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेटल द इन्व्हॉइस’ असं येईल, मग ‘वी लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू’, आणि खाली नावाच्या संबोधनाला जुळणारं ‘युअर्स सिन्सिअरली’. संचालिकेचं पद वरच्या पत्त्यात जाईल. संबोधनात तिचं आडनाव हवं. ते ठाऊक नसेल तर शोधून काढावं, कारण फ्रेंच पत्रात पद सांगून मान दिला जातो, तर इंग्रजीत नाव घेऊन.

आणि ‘रसव्हे’चा थंडपणा? तोही पोचवायला हवा. त्यासाठी ‘ग्रेटफुल’ काढून ‘प्लीज सेटल’ असं सरळ लिहावं, पुढचं ‘लुक फॉरवर्ड’ गाळावं. सांगता तीच राहते, पण वाचणाऱ्याला बदल जाणवतो. मूळ पत्र रागावलेलं असताना अनुवाद गोड ठेवला, तर ग्राहकाला अजून सवड आहे असंच वाटेल.

राजनैतिक पत्रव्यवहार याला अपवाद आहे. तिथे ‘अतीव आदराची ग्वाही’ इंग्रजीतही अजून लिहिली जाते. ती गाळली, तर मान राखला नाही असा अर्थ निघू शकतो.