वारसदार न नेमता घेतलेला निरोप

१२ जुलै २०१८. पायथन या संगणकभाषेची देखभाल करणाऱ्या मंडळींना एक पत्र आलं. लिहिणारे होते खिडो व्हान रॉसम, या भाषेचे जनक. विषयाच्या जागी दोन-तीनच शब्द होते, सत्तांतराबद्दलचे. आपण दमलो आहोत, आपल्याला मोठी विश्रांती हवी आहे आणि यापुढे कोणताही निर्णय आपण देणार नाही, असं त्यांनी कळवलं होतं. पुढचं वाक्य मात्र कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. मी माझा वारसदार नेमणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

मी रोज पायथनमध्येच काम करते. आपल्याकडे अभियांत्रिकीची मुलं जी पहिली संगणकभाषा शिकतात, ती आता बऱ्याचदा हीच असते. तरीही हे पत्र मला केवळ संगणकवाल्यांचं वाटत नाही. मंडळ असो, वाचनालय असो की नाट्यसंस्था, वर्षानुवर्षं एकाच माणसाने सांभाळलेला गोतावळा त्याच्यामागे कसा चालायचा, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. पायथनच्या मंडळींनी त्याचं उत्तर पाच महिन्यांत शोधलं आणि त्यातली प्रत्येक पायरी लिहून ठेवली. म्हणून ती समजून घ्यावीशी वाटते.

व्हान रॉसम मूळचे नेदरलँड्सचे. १९८९च्या नाताळच्या सुट्टीत, अ‍ॅमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला असताना, त्यांनी ही भाषा लिहायला घेतली आणि १९९१मध्ये ती जगाला खुली केली. फुकट वापरा, हवे ते बदल सुचवा, असा तो मामला होता. हळूहळू देशोदेशीची माणसं जोडली गेली. ती एकमेकांना क्वचितच भेटत, बहुतेक कामं लेखीच चालत. वाद झाला की शेवटचा शब्द व्हान रॉसम यांचा. १९९५मध्ये त्यांना एक पदवीही मिळाली, ‘तहहयात दयाळू हुकूमशहा’. ती गमतीने दिलेली होती, पण पुढे तेवीस वर्षं कारभार खरोखरच तसा चालला.

हा कारभार मनमानीचा नव्हता. भाषेत मोठा बदल हवा असेल तर आधी लेखी प्रस्ताव मांडायचा. त्याला ‘पेप’ म्हणतात आणि प्रत्येक पेपला क्रमांक असतो. बदल काय आहे, कशासाठी हवा, दुसरे कोणते मार्ग होते आणि ते का सोडले, हे सगळं त्यात लिहावं लागतं. मग चर्चा होते, आक्षेप येतात, मसुदा बदलतो. सगळ्यांचं बोलून झालं की व्हान रॉसम होकार किंवा नकार देत. ज्यांचं म्हणणं फेटाळलं जाई ते हिरमुसत, पण निवाडा मानत. सगळी भिस्त त्या मानण्यावर होती.

२०१८मध्ये नेमकं तेच डळमळलं आणि निमित्त झालं दोन चिन्हांचं. पेप ५७२ हा प्रस्ताव होता `:=` या नव्या खुणेचा. एखादी फाइल ओळ-ओळ वाचायची असेल तर पूर्वी असं लिहावं लागे:

```python
line = f.readline()
while line:
    process(line)
    line = f.readline()
```

यात ‘पुढची ओळ वाच’ ही एकच आज्ञा दोन ठिकाणी येते. एकीकडे दुरुस्ती केली आणि दुसरीकडे राहून गेली की चूक झालीच. नव्या खुणेने तेच असं लिहिता येतं:

```python
while line := f.readline():
    process(line)
```

ओळ वाचणं, तिला नाव देणं आणि ती रिकामी आहे का हे तपासणं, तिन्ही एकाच जागी. प्रस्तावाच्या बाजूने बोलणाऱ्यांना यात सोय दिसत होती. विरोधकांचा मुद्दाही कच्चा नव्हता. पायथनची ख्याती वाचायला सोपी भाषा म्हणून. नाव देणं आणि तपासणं ही दोन कामं इथे आजवर मुद्दाम वेगळी ठेवलेली होती, कारण ‘सी’सारख्या जुन्या भाषांत ती एका ओळीत करता येतात आणि त्यातून पटकन न दिसणाऱ्या चुका शिरतात. नवशिक्याने एका ओळीत तीन गोष्टी का वाचायच्या, असं ते विचारत होते.

चर्चा महिनोन् महिने चालली. शेकडो पत्रं झाली. तेच मुद्दे पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि कोणत्या मुद्द्याचं उत्तर कुठे देऊन झालं आहे, हे कुणालाच सापडेना. मतभेदाचं रूपांतर कटुतेत होतं ते साधारण इथेच. माणसं प्रस्ताव बाजूला ठेवून एकमेकांच्या हेतूंविषयी बोलू लागतात. व्हान रॉसम स्वतः प्रस्तावाच्या लेखकांपैकी एक होते आणि निवाडाही त्यांनीच करायचा होता, त्यामुळे सगळा रोष त्यांच्यावर आला. जुलैच्या सुरुवातीला त्यांनी प्रस्ताव मंजूर केला आणि काही दिवसांतच हे पत्र लिहिलं. एका प्रस्तावासाठी इतकं झगडायचं आणि वर इतक्या जणांना आपल्या निर्णयाची चीड येताना पाहायचं, हे पुन्हा नको, असं त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितलं.

पत्र रागाच्या भरात लिहिलेलं वाटू शकतं. पण ते नीट वाचलं की त्यामागचा विचार दिसतो. रोजच्या बारीकसारीक दुरुस्त्यांची मला काळजी नाही, असं ते लिहितात. ती कामं माझ्यावाचून आजही होतातच. खरे प्रश्न त्यांनी नेमके नोंदवले आहेत. प्रस्तावांचा निर्णय यापुढे कोण आणि कसा करणार? नव्या माणसाला या मंडळीत कसं घेणार? आणि वागण्याचे नियम मोडणाऱ्याला बाहेर कधी काढायचं? सांभाळणारा माणूस जातो तेव्हा नेमकी एवढीच कामं उघडी पडतात. बाकीची सवयीने चालू राहतात.

वारसदार न नेमण्यालाही अर्थ होता. निवाडा मानला जात होता तो ज्याने भाषा जन्माला घातली त्याचा म्हणून. ती पुण्याई दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही. नेमलेला माणूस कितीही लायक असला, तरी पहिल्या मोठ्या वादात ‘याला कुणी निवडलं?’ हा सवाल आलाच असता. आणि आपल्या पश्चात काय, हा विषय कधीतरी निघणारच आहे, वयही वाढतंय, असं त्यांनीच पत्रात म्हटलं होतं. त्यांना बसने धडक दिली तर भाषेचं काय होईल, हा प्रश्न या मंडळींत १९९४पासून विचारला जात होता. त्यांनी एवढंच केलं की तो प्रश्न स्वतःच्या हयातीत, स्वतः हजर असताना, सगळ्यांसमोर ठेवला.

पहिली अडचण आली ती गमतीची नव्हे, मुळातली होती. निर्णय कसा घ्यायचा हे ठरवायचं, तर तो निर्णय तरी कसा घ्यायचा? मंडळींनी जुनीच सवय कामाला लावली आणि पेप लिहायला घेतले. एकात इतर मुक्त प्रकल्पांचा कारभार कसा चालतो याचा आढावा घेतला. एकात फक्त मतदानाची रीत ठरवली. मग कारभाराचे सात वेगवेगळे आराखडे आले. कुणाला पूर्वीसारखाच एक प्रमुख हवा होता, फक्त ठरावीक मुदतीचा. कुणाला तिघांचं त्रिकूट, कुणाला बाहेरच्यांची समिती, तर कुणाला कुणीच प्रमुख नको होता. मत देणारे होते भाषेच्या गाभ्यावर काम करणारे, शंभराच्या आसपास लोक. मुदत १ ते १६ डिसेंबर २०१८.

सात आराखडे आणि एक मत अशी निवडणूक घातली असती तर मतं फुटून भलताच आराखडा निवडून आला असता. म्हणून त्यांनी पसंतीक्रमाची पद्धत घेतली. नऊ जणांच्या सहलीचं उदाहरण घेऊ. चौघांचा क्रम आहे माथेरान, महाबळेश्वर, अलिबाग. तिघांचा अलिबाग, महाबळेश्वर, माथेरान. दोघांचा महाबळेश्वर, अलिबाग, माथेरान. पहिली पसंतीच मोजली तर चार मतांनी माथेरान जिंकतं, आणि पाच जणांना ते शेवटच्या क्रमांकावर असूनही जावं लागतं. आता जोड्या लावू. महाबळेश्वर की माथेरान? पाच विरुद्ध चार, महाबळेश्वर. महाबळेश्वर की अलिबाग? सहा विरुद्ध तीन, पुन्हा महाबळेश्वर. प्रत्येक जोडीत जे जिंकतं ते निवडायचं. असं निवडलेलं ठिकाण कदाचित फार थोड्यांचं लाडकं असेल, पण कोणत्याही दुसऱ्या ठिकाणापुढे बहुमत त्याच्याच बाजूला असतं. भांडून थकलेल्या मंडळींना अशाच निकालाची गरज होती.

जिंकला पेप ८०१६, म्हणजे पाच जणांचं निवडून आलेलं सुकाणू मंडळ. भाषेची नवी मोठी आवृत्ती निघाली की नवी निवडणूक. एका कंपनीचे दोनहून जास्त सदस्य नकोत, म्हणजे कुणा एका मालकाची भाषेवर पकड बसणार नाही. दोन तृतीयांश मतांनी मंडळावर अविश्वास आणता येतो, आणि नव्या सहकाऱ्यालाही दोन तृतीयांश मतांनीच आत घेतात. मला सगळ्यात आवडलेलं कलम वेगळंच आहे. मंडळाने आपले अधिकार होता होईतो वापरू नयेत, आधी सहमती शोधावी, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. एका माणसाने अंगच्या तारतम्याने जे तेवीस वर्षं पाळलं, त्याचा आता लेखी नियम झाला.

ही रचना सोपी नाही. पाच जणांनी बसून ठरवायचं म्हणजे वेळ लागतो, आणि भाषेचं एकहाती वळण राखणं कठीण जातं. वादही संपलेले नाहीत. बदललं ते इतकंच की रोष आला तर तो पाच जणांत वाटला जातो, आणि पुढच्या निवडणुकीत तो मतपेटीतून व्यक्त करता येतो.

फेब्रुवारी २०१९मध्ये पहिलं मंडळ निवडून आलं. पाच नावांत एक नाव व्हान रॉसम यांचं होतं. पुढच्या खेपेला मात्र त्यांनी स्वतःहून नाव मागे घेतलं. निरोप खऱ्या अर्थाने पुरा झाला तो तेव्हा.

पण त्याची कसोटी लागली २०२०मध्ये. व्हान रॉसम आणि आणखी काही जणांनी भाषेत एक मोठी भर सुचवली, पेप ६२२. पूर्वी त्यांनी मान डोलावली असती तर काम झालं असतं. आता तो प्रस्ताव मंडळापुढे गेला. आक्षेप आले. मूळ मसुदा मागे पडला आणि त्याच्या जागी तीन नवे मसुदे लिहावे लागले, एक नियमांचा, एक कारणांचा आणि एक शिकवणीचा. इतरांचे पर्यायी प्रस्तावही शेजारी मांडले गेले. २०२१च्या फेब्रुवारीत मंडळाने होकार दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ती भर भाषेत आली. ज्याने ही भाषा घडवली, तो इतर लेखकांच्या रांगेत उभा राहून उत्तराची वाट पाहत होता, आणि उत्तर द्यायला तिथे पाच माणसं होती.