थंड हवेतही लॅपटॉप का मंदावतो?

पाचगणीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी लॅपटॉप तापायची काय भीती, असं आपल्याला सहज वाटतं. ते अर्धंच खरं आहे. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंचीवर आहे. तापमान सारखं धरलं, तर इथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा साधारण 14 टक्के विरळ असते. लॅपटॉपचा पंखा त्याच वेगाने फिरला, तरी प्रत्येक फेरीत तेवढी कमी हवा उष्णता घेऊन बाहेर पडते. दुसरीकडे खोलीचं तापमान सांगलीपेक्षा बरंच कमी असतं आणि त्याचा फायदाही मिळतो. या दोन्हींची वजाबाकी किती होते, हे अंदाजाने सांगता येत नाही, मोजावंच लागतं.

ॲनिमेशनचं रेंडर रात्रभर चालतं, तेव्हा हे मोजमाप कामाला येतं. त्यासाठी विंडोजवर HWiNFO नावाचं मोफत साधन आहे. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग दिसतो, पण तापमान दिसत नाही. इथे दोन्ही शेजारी दिसतात.

अनेकांची नजर आधी Maximum या रकान्यावर जाते. तिथे 97 अंश दिसले की घाबरगुंडी उडते. पण तो आकडा एखाद्या सेकंदाचाही असू शकतो. शिवाय तापमान मर्यादेपाशी गेलं, की प्रोसेसर जळून जात नाही, स्वतःचा वेग कमी करून वाचतो. ताप आटोक्यात दिसतो, पण त्याची किंमत वेगात मोजली जाते. म्हणून नुसतं तापमान पाहून निदान होत नाही. तापमान आणि क्लॉक स्पीड एकत्र वाचायला हवेत.

इंटेलचा i7-12700H घ्या. त्याच्या मुख्य कोअरचा मूळ वेग 2.3 गिगाहर्ट्झ, कमाल वेग 4.7 गिगाहर्ट्झ आणि तापमानाची मर्यादा 100 अंश आहे. रेंडर सुरू झाल्यावर पहिला अर्धा-एक मिनिट वेग चढा असतो, मग उतरतो. ही उतरण बहुतेक वेळा बिघाड नसते. थोडा वेळच जास्त वीज खेचायची, अशी मर्यादा कंपनीनेच घातलेली असते. वेगाबरोबर तापमानही खाली आलं, तर कारण ही वीजमर्यादा. पण वेग घसरतोय आणि तापमान मात्र शंभराला चिकटून बसलंय, तर गारवा पुरत नाही. अशा वेळी Core Thermal Throttling या ओळीत Yes दिसतं. वीजमर्यादेसाठी Core Power Limit Exceeded ही वेगळी ओळ असते.

चाचणी अशी करावी. चार्जर लावून, लॅपटॉप कडक टेबलावर ठेवून नेहमीचंच रेंडर सुरू करावं. दहा मिनिटांनी साधनातले आकडे रीसेट करावेत आणि पुढच्या वीस मिनिटांचा Average रकाना वाचावा. शेजारी खोलीचं तापमानही लिहावं. रेंडर ग्राफिक्स कार्डावर होत असेल, तर GPU च्या ओळी पाहाव्यात.

समजा, 24 अंशांच्या खोलीत वेग 3.0 गिगाहर्ट्झवर आणि तापमान 82 अंशांवर स्थिरावलं. एका फ्रेमला तीन मिनिटं, म्हणजे दहा सेकंदांच्या 240 फ्रेमना बारा तास. काही महिन्यांनी त्याच खोलीत, त्याच फाइलवर वेग 2.4 आणि तापमान 100 दिसलं. आता फ्रेमला पावणेचार मिनिटं लागतील आणि तेच काम पंधरा तासांवर जाईल. सकाळी आठला द्यायचं काम अकराला हाती येईल. खोली तीच असल्यामुळे दोष हवामानाचा नाही, वाट तुंबलेली आहे.

पाचगणीत उन्हाळ्यात जांभ्याची बारीक लाल धूळ उडते आणि पावसाळ्यात हवा दमट असते. पंख्यामागच्या पातळ पट्ट्यांवर अशा धुळीचा थर साचला, की हवा आरपार जात नाही. लॅपटॉप बंद करून, पंखा काडीने अडवून हवेच्या झोताने ती धूळ काढावी किंवा दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्यावी. मग तीच चाचणी पुन्हा करावी. वेग पुन्हा तीनच्या आसपास आला, तर कारण सापडलं. नाही आला, तर चिपवरची उष्णतावाहक पेस्ट सुकली आहे का आणि पंखा पूर्ण वेगाने फिरतोय का, हे तपासून घ्यावं.

Thermal Throttling समोर No असेल आणि वेग वीजमर्यादेमुळेच थांबत असेल, तर खालून वारा घालणारा कूलिंग पॅड घेऊन रेंडर लवकर होणार नाही. तो खर्च करण्याआधी ही एक ओळ जरूर वाचावी.