चिमटा काढा, ओरखडा नको

कॉलेजच्या जुन्या मित्राला वाढदिवसाचा संदेश लिहिताना चिडवायचं कशावरून, हे आधी ठरवावं. टक्कल, पोट, पगार, रखडलेलं लग्न हे विषय नकोत. त्यावरून त्याला एरवीही कुणी ना कुणी टोचत असतंच. खोडी काढावी ती अशा सवयीची, जिच्यावर तो स्वतःही हसतो. उदाहरणार्थ:

‘लेका, पन्नाशी लागली! माझंच जर्नल उतरवून माझ्याआधी सरांची सही घेणारा तूच. कँटीनच्या कटिंगचे पैसे अजून बाकी आहेत, व्याज माफ. पण बाबा आजारी असताना रात्रभर दवाखान्यात माझ्यासोबत बसलास, ते कधीच फिटणार नाही. वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा!’

इथे दोन्ही चिमटे दोघांच्या सामायिक आठवणींतले आहेत आणि माया शेवटी आहे, कारण शेवटचं वाक्यच मनात राहतं. ग्रुपवर त्याची बायको किंवा ऑफिसातली माणसं असतील, तर कॉलेजातल्या प्रेमप्रकरणाचा उल्लेखही टाळावा. एरवी उलट टोमणा मारणारा मित्र नुसता अंगठा दाखवून गप्प बसला, तर काहीतरी लागलं असावं. अशा वेळी सारवासारव ग्रुपवर न करता सरळ त्याला फोन करावा.